दोन चारचा माल

बांगडीच्या हिशेबात २.१० हे २.८ पेक्षा मोठं असतं. आमच्या चिरंजीवांना हे मान्य नाही. ते सहावीत आहेत आणि त्यांचे दशांश अपूर्णांक नुकतेच झालेत. मी कपाटात डबे लावत असताना ते शेजारी उभे राहून मला सांगतात, "आई, दोन पूर्णांक दहा म्हणजे दोन पूर्णांक एक. ते दोन आठच्या आधी लाव." मी म्हणते, "बाळा, तू आत जा."

त्याचं शाळेपुरतं बरोबर आहे. पण बांगडी दशांशात चालत नाही, आण्यात चालते. पहिला आकडा इंचाचा आणि दुसरा इंचाच्या सोळाव्या भागांचा. दोन चार म्हणजे दोन इंच आणि सोळातले चार भाग, म्हणजे सव्वादोन इंच. दोन आठ म्हणजे अडीच. दोन दहा त्याच्या पुढची. सरकारने १९५७ साली रुपयाचे सोळा आणे मोडून शंभर पैसे केले, पण बांगडीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. ती अजून जुन्या चलनातच आहे.

आता दोन चार, दोन सहा, दोन आठ, दोन दहा अशी साइज चढत जाते, तेव्हा दर पायरीला फरक पडतो दोन सोळांशाचा, म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटरचा. माझा सगळा धंदा, सगळी भांडणं, सासूबाईंचे टोमणे आणि नवऱ्याच्या स्कूटरचं पेट्रोल या तीन मिलिमीटरमध्ये मावतं. आणि हे तीन मिलिमीटर फोनवरच्या फोटोत दिसत नाहीत.

मी जुळे सोलापुरातून बांगड्या विकते. दुकान नाही, गाळा नाही, पाटी नाही. एक फोन, एक लोखंडी कपाट आणि टीव्हीखालचा कप्पा, जिथे पूर्वी आमचे लग्नाचे अल्बम होते. माल गावातून आणते, मधल्या मारुतीच्या अलीकडे-पलीकडे होलसेलवाले बसतात त्यांच्याकडून. माझे ठरलेले एक शेठ आहेत. ते गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतात, हमालाशी कन्नडमध्ये, फोनवर हिंदीत आणि नफ्याचा हिशेब तेलुगूत पुटपुटतात, म्हणजे समोरच्या कुणाला कळू नये. सोलापुरात हा उपाय चालत नाही. तिथे उभ्या असलेल्या चार बायकांपैकी दोघींना तो कळतोच.

शेठनी आम्हा विकणाऱ्या बायकांचा एक ग्रुप केलाय. त्यावर फक्त ते बोलू शकतात, आम्ही नाही. मला वाटतं जगात एवढी शांतता असलेला बायकांचा हा एकमेव ग्रुप असावा. रोज सकाळी तिथे नव्या मालाचे फोटो पडतात आणि खाली भाव. आम्ही फोटो उचलायचा, भाव खोडायचा, आपला भाव घालायचा आणि पुढे आपापल्या ग्रुपवर टाकायचा. ज्या कुणाला हे सोपं वाटतं, तिने एकदा पोळ्या लाटता लाटता करून बघावं. फोटो पुढे पाठवला की खालचा मजकूरही मुकाट्याने सोबत जातो. आमच्यातल्या एकीने "होलसेल ११०, कुणाला सांगू नये" यासकट फोटो अख्ख्या सोसायटीत वाटला होता. सोसायटीने ऐकलं. कुणी कुणाला सांगितलं नाही, फक्त सगळ्यांनी एकशे दहालाच मागितलं.

पण भावाच्या आधी बॉक्सचं सांगायला पाहिजे, कारण खरी मेख तिथे आहे.

काचेच्या साध्या हिरव्या बांगड्या शेठकडे साइजप्रमाणे वेगळ्या मिळतात. दोन सहाच्या द्या म्हटलं की दोन सहाच्या मिळतात. त्यांचं दुखणं वेगळं, त्या वाटेत वाढतात. त्यावर उपाय आहे: डझनाची चळत वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळायची, दोऱ्याने आवळायची, डब्यात ठेवल्यावर उरलेल्या जागेत कागद कोंबायचे आणि मग डबा कानाशी धरून हलवायचा. किणकिण आली तर परत उघडायचा. आवाज करणारा डबा नांदेडला पोचेपर्यंत आतल्या बांगड्यांचा चुरा झालेला असतो.

फॅन्सी सेटचं मात्र तसं नाही. खडे लावलेले, वेलवेटचे, मेटलचे सेट बॉक्सने येतात. एका बॉक्समध्ये बारा सेट. रंग एक, डिझाइन एक, पण साइज मिक्स. चार सेट दोन चारचे, चार दोन सहाचे, चार दोन आठचे. पहिल्यांदा मी भोळेपणाने म्हटलं, "शेठ, मला नुसते दोन सहा आणि दोन आठ द्या." शेठ एवढे दुखावले की त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"ताई, बॉक्स फुटत नाही."

"अहो पण दोन चार आमच्याकडे कोण घालतंय ओ?"

"माझ्याकडे तरी कोण घालतंय? तुम्हाला फोडून दिलं तर ते दोन चार मी घालून बसू का?"

याला उत्तर नव्हतं. कारखान्यातून तसंच येतं. कारखानदार दोन चार होलसेलवाल्याच्या गळ्यात मारतो, होलसेलवाला माझ्या, आणि माझ्यापुढे गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाच्या पुढे गळाच नाही.

आता हिशेब बघा. सेट एकशे दहाला. बारा सेटचे झाले तेराशे वीस. मी विकते एकशे साठला. म्हणजे सगळे गेले तर एकोणीसशे वीस, नफा सहाशे. ऐकायला छान आहे. संध्याकाळी सहा वाजता फोटो टाकला. माझी गिऱ्हाइकं म्हणजे तिशी-पन्नाशीतल्या बायका, त्यामुळे दोन सहाचे चार आणि दोन आठचे चार सेट साडेसातपर्यंत संपले. वर तिघी दोन दहा मागत होत्या, तो बॉक्समध्ये नव्हताच. मी ग्रुपवर ऐटीत लिहिलं, "सोल्ड आउट, फक्त २.४ शिल्लक." खाली टाळ्या, फुलं, हात जोडलेले. नणंदेने "बिझनेस वुमन" असं लिहिलं. आणि आठ सेटचे आले बाराशे ऐंशी. म्हणजे दीड तासात सगळा माल खपवून, टाळ्या घेऊन, मी चाळीस रुपये तोट्यात होते. रिक्षाचं भाडं अजून धरलं नव्हतं. माझा नफा कपाटात होता, दोन चार साइजमध्ये.

नवरा दरवेळी विचारतो, "किती सुटले?" मी कपाटाकडे बोट दाखवते.

असा प्रत्येक बॉक्समागे चार सेटचा गाळ बसत जातो. रंग वेगळे, डिझाइनं वेगळी, साइज मात्र एकच. विजापूर रोडला हॉस्टेलजवळ माझी एक मैत्रीण हाच उद्योग करते. तिच्याकडे कॉलेजच्या मुली, त्यांना दोन चार हातोहात जातात आणि दोन आठ पडून राहतात. आम्ही अदलाबदल सुरू केली. पहिल्यांदा सेटला सेट. मग तिच्या लक्षात आलं की गरज मला जास्त आहे. तेव्हापासून दोन चारचे दोन सेट दिले की दोन आठचा एक मिळतो. हा दर तिने ठरवला, आणि तो फक्त चढतो.

आता गिऱ्हाइकाला साइज विचारणं. हे काम ज्याने शोधलं त्याला संध्याकाळी सातला गॅसवर कुकर ठेवून करायला लावलं पाहिजे.

"ताई, साइज?"

"नॉर्मल."

सोलापुरातल्या ऐंशी टक्के बायकांची साइज नॉर्मल आहे. उरलेल्यांची "मागच्या वेळेसारखी". काहीजणी हाताचा फोटो पाठवतात. एकीने हात आणि शेजारी कोथिंबिरीची जुडी असा फोटो पाठवला, अंदाज यावा म्हणून. जुडीचा भाव रोज बदलतो, आकारही. एकीने शिंप्याच्या टेपने मनगट मोजून पाठवलं, सहा इंच. फार नेटकं काम, पण उपयोग शून्य. बांगडी मनगटात राहते, पण मनगटातून आत जात नाही ना. ती जाते पंजावरून. अंगठा तळव्यात मिटला की बोटांच्या मुळाशी पंजा जिथे सगळ्यात रुंद होतो, तिथून सुटली तर बांगडी तुमची. मनगट बारीक आणि पंजा रुंद अशा कितीतरी बायका आहेत. रोज भाकरी थापणाऱ्या हाताचं मनगट बघून साइज दिली की पार्सल परत आलंच.

म्हणून मी एक मेसेज कायमचा लिहून ठेवलाय. तुमच्या हातात नीट जाणारी जुनी बांगडी घ्या, कडक असेल अशी. पट्टीवर आडवी ठेवा. आतल्या कडेपासून समोरच्या आतल्या कडेपर्यंत, मधोमध, जिथे सगळ्यात जास्त भरेल तिथे मोजा. पाच सेंटिमीटर सात मिलिमीटर आलं तर दोन चार. सहा सेंटिमीटर म्हणजे दोन सहा. सहा सेंटिमीटर तीन-साडेतीन मिलिमीटर म्हणजे दोन आठ. सहा सेंटिमीटर सात मिलिमीटर म्हणजे दोन दहा. यात न समजण्यासारखं काही नाही असं मला वाटायचं. उत्तरं येतात ती अशी: "सात आलं." सात म्हणजे बाहेरच्या कडेपासून मोजलंय. "एकोणीस आलं." म्हणजे दोरा घेऊन गोल मोजलंय, त्याला तीन पूर्णांक चौदाने भागायचं. मी भागते. बारावी कॉमर्सनंतर वर्तुळाशी माझा संबंध संपला असं मी समजत होते.

सासूबाईंना हा सगळा प्रकार हास्यास्पद वाटतो. त्यांच्या माहेरी कासार घरी यायचा. तो पट्टी काढत नसे. हात हातात घ्यायचा, अंगठ्याच्या मुळाशी एकदा दाबायचा, आणि न बोलता पेटीतून बरोबर तीच चळत उचलायचा. पंजा दाबून, वळवून, बोलण्यात गुंतवून अर्धा आणा लहान बांगडीसुद्धा चढवायचा. हात मऊ की कडक हे त्याला कळायचं, आणि साइज त्यावर ठरायची. तीच रुंदी असलेल्या दोन हातांत वेगवेगळी बांगडी बसते, कारण एक पंजा मिटतो आणि दुसरा मिटत नाही. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत अजून अशी माणसं बसलेली दिसतात. सासूबाई मला दरवर्षी तिथे उभं करून दाखवतात आणि म्हणतात, "बघ. आणि तू, कोथिंबीर बघून सांगतेस."

मी म्हटलं, "आई, त्यांना गिऱ्हाइकाचा हात मिळतो. मला 'हाय' मिळतं."

हे झालं साइजचं. रंगाचं थोडक्यात सांगते, नाहीतर लेख त्यातच जाईल. मोरपंखी आणि रामा या दोन रंगांमध्ये माझ्या माहितीत दोन बहिणींचं बोलणं बंद आहे. गिऱ्हाईक पिवळ्या बल्बखाली साडीचा फोटो काढतं, शेठ ट्यूबलाइटखाली बांगडीचा काढतो, आणि त्या दोन खोट्या रंगांची मी जुळणी करायची. हल्ली मी सेट गच्चीवर नेते आणि सकाळच्या सावलीत, पांढऱ्या कागदावर ठेवून परत फोटो काढते. त्यात माझा अंगठाही येऊ देते, बांगडीचा आकार कळावा म्हणून. अंगठ्याला जांभळं नेलपेंट.

हा अंगठा पुढे कामी आला. पुण्याच्या माझ्या जाऊबाईंनी एकदा मला फोटो पाठवला. "अगं, बघ किती गोड सेट. आमच्या सोसायटीत एक जण विकतेय. दोनशे साठ फक्त. तुझ्यासाठी घेऊ का?" वर दुहेरी बाण, म्हणजे कुठून कुठून फिरून आलेला. मी फोटो मोठा केला. कागद माझा, गच्ची माझी, अंगठा माझा. माझ्याकडून कुणीतरी एकशे साठला उचलून सोसायटीच्या ग्रुपवर एकशे नव्वद केला होता, तिथून कुणाच्या तरी बहिणीने दोनशे वीस, आणि हुतात्मा एक्स्प्रेसच्याही आधी माझा अंगठा पुण्यात दोनशे साठला पोचला होता. या सगळ्या साखळीत एकीनेही बांगडी हातात घेतली नव्हती. ती माझ्या टीव्हीखाली होती. मी जाऊबाईंना कळवलं, "घेऊ नका, मी देते." त्या म्हणाल्या, "तुझ्याकडे असल्या क्वालिटीचं मिळतं का पण?"

ग्रुपमध्ये भावाची चर्चा फार होते म्हणून मी मध्यंतरी ब्रॉडकास्ट लिस्ट केली. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, मेसेज प्रत्येकीला वेगळा जातो, आणि एकीने काय घेतलं ते दुसरीला दिसत नाही. सोय उत्तम. फक्त एक अट आहे: ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये साठवलाय, त्यांनाच तो मेसेज पोचतो. वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "हल्ली माल टाकत नाहीस का गं? मला काहीच येत नाही." बाकीच्यांना येत होतं. मी हसले आणि काही बोलले नाही. त्या दर आठवड्याला माझ्याकडून विरजण नेतात. नंबर साठवलेला नाही.

डिलिव्हरीचं म्हणाल तर गावातलं वाटप नवरा ऑफिसला जाता-येता करतो. त्याचा एकच नियम आहे: पाण्याच्या दिवशी जायचं नाही. आमच्याकडे चार-पाच दिवसांतून एकदा नळ येतो आणि त्या दिवशी त्या भागातली बाई दार उघडत नाही, फोन उचलत नाही, बांगडी तर नाहीच नाही. त्यामुळे कुठल्या पेठेत कधी पाणी, हे आमच्या फ्रिजवर लिहिलेलं असतं.

तर कपाटातले दोन चार वाढत चालले होते. डिसेंबरमध्ये एका शाळेचं स्नेहसंमेलन होतं, पंधरा मुलींचा लावणीचा नाच. मुलींचे हात लहान, त्यांना दोन चार बसतात. मी धावत गेले. बाईंनी डबे बघितले आणि म्हणाल्या, "छान आहेत, पण सगळ्यांना एकच रंग पाहिजे." माझ्याकडे एका रंगाचे जास्तीत जास्त चार. संक्रांतीच्या वाणाला देऊन टाकावेत म्हटलं, तर शेठच म्हणाले, "वाणाला बांगडी कुणी घेत नाही ताई. पन्नास बायकांची साइज कोण विचारत बसणार? त्यापेक्षा गाळणी न्या. गाळणीला साइज नसते."

शेवटी वैतागून मी एका रात्री सगळे दोन चार पलंगावर मांडले, फोटो काढला आणि खाली लिहिलं: "खास नाजूक हातांसाठी. साइज फक्त २.४. सेल ११०. बदलून मिळणार नाही." आकडा स्पष्ट लिहिला होता. पट्टीवर मोजायचा मेसेजही खाली जोडला होता.

पहिली ऑर्डर त्या बाईंची आली, ज्या कायम दोन आठ घेतात. मी विचारलं, "ताई, हे दोन चार आहेत, चालतील ना?" त्यांचं उत्तर, "माझे हात पहिल्यापासून नाजूकच आहेत." दुसरी ऑर्डर दोन दहावालीची. तिसऱ्या बाईंनी तर लिहिलं, "इतके दिवस तू मला उगाच मोठी साइज देत होतीस." मी प्रत्येकीला परत परत विचारलं, पट्टीचा मेसेज परत पाठवला. कुणी मोजलं नाही. रात्री साडेदहापर्यंत पलंग रिकामा झाला. सासूबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "आता दोन दिवस फोन बंद ठेव."

फोन दुसऱ्याच दिवशी आला. त्या दोन आठवाल्या बाई. आवाज दबका.

"वहिनी, जात नाहीये ओ."

"ताई, मी म्हटलं होतं..."

"ते राहू दे. काही उपाय सांगा की."

मी सांगितलं. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातावर मोज्यासारखी चढवायची, अंगठा आत मिटायचा आणि पिशवीवरून बांगडी सरकवायची. एकेक करून, जबरदस्ती न करता. पंजाला लागायला लागलं की थांबायचं. मी हे नीट समजावलं, कारण मेटलची बांगडी काचेसारखी वाढत नाही, ती अडकली की अडकली. त्या "बरं, बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

अर्ध्या तासाने व्हॉइस मेसेज. "गेली! गेली बघा! सगळ्या गेल्या!" मागे टाळ्यांचा आवाज. मग फोटो आला. हात लालबुंद, त्यावर अबोली रंगाचा सेट, आणि खाली लिहिलेलं, "नाजूक."

रात्री अकराला परत फोन.

"वहिनी, आता काढायची कशी?"

मी म्हटलं, हात पाच-दहा मिनिटं डोक्याच्या वर धरून ठेवा, सूज उतरते. मग खोबरेल लावा, परत पिशवी चढवा, आणि एकेक बांगडी. नवऱ्याला ओढायला लावू नका. तरी नाहीच निघाली आणि बोटं बधिर व्हायला लागली, तर सकाळची वाट बघू नका, सोनाराकडे नाहीतर दवाखान्यात जाऊन कापून घ्या. मी त्या बोटं हलवतायत का, ती गार पडलीत का, हेही विचारून घेतलं. मागून त्यांचे मिस्टर विचारत होते, "हात वर करून का उभी आहेस गं? पाणी आलं का?"

पाऊण तास मी फोन हातात धरून बसले. सासूबाई जाग्याच होत्या. शेवटी मेसेज आला.

"निघाल्या. आता कसं घालायचं-काढायचं ते कळलं. याच साइजमध्ये मोरपंखी आहे का?"